क्षेत्रफळ गेलं कुठे? सरकते उंचवटे आणि लिमिट-इंटिग्रलची अदलाबदल

बी.एस्सी.च्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला रिअल ॲनालिसिस सुरू झालं की एक प्रश्न हमखास येतो: f_n ही फंक्शन्सची क्रमिका f कडे जात असेल, तर ∫f_n ही ∫f कडे जाते का? उत्तर आहे ‘नेहमीच नाही’. पुढे एक उलट उदाहरण येतं, ते पाठ होतं आणि परीक्षेत लिहिलं जातं. पण त्या उदाहरणात नेमकं काय बिघडलं हे बहुतेकांना सांगता येत नाही. त्यामुळे समोर वेगळं दिसणारं गणित आलं की अदलाबदल करायची की नाही, याचा अंदाजच बांधला जातो.

माझ्या मते या विषयाकडे हिशेबाच्या नजरेनं बघावं. प्रत्येक f_n खाली क्षेत्रफळ १ आहे, f खाली ० आहे, तर ते १ गेलं कुठे? ते हवेत विरत नाही, ठरावीक वाटांनीच निसटतं. या वाटा ओळखायच्या कशा आणि त्या बंद आहेत हे दाखवायचं कसं, ते आता पायरी-पायरीनं पाहू.

पायरी १: एकच तंबू, तीन चाव्या

सगळ्यात साधा उंचवटा घेऊ. −1 ते 1 या पट्ट्यावर उभा असलेला, टोक १ उंचीचं, बाकी सगळीकडे शून्य असा त्रिकोणी तंबू:

T(x) = 1 − |x| (|x| ≤ 1 असताना), नाहीतर T(x) = 0

पाया २, उंची १, म्हणून क्षेत्रफळ १. आता हा तंबू हलवायचा, ताणायचा आणि उचलायचा:

f_n(x) = h_n · T((x − c_n)/w_n)

c_n म्हणजे तंबूचं मधलं ठिकाण, w_n म्हणजे निम्मा पाया, h_n म्हणजे उंची. त्याखालचं क्षेत्रफळ h_n · w_n. लक्षात घ्या, यात c_n कुठेच नाही. तंबू कुठेही नेला तरी क्षेत्रफळ तेच राहतं, आणि सगळी गंमत इथेच सुरू होते. h_n · w_n = 1 एवढं सांभाळून या चाव्या फिरवल्या, की क्षेत्रफळ निसटण्याचे तीन शुद्ध प्रकार मिळतात.

पहिला प्रकार, सरकणारा: c_n = n, w_n = 1, h_n = 1. तंबू जसाच्या तसा उजवीकडे चालत जातो.

दुसरा, निमुळता: c_n = 1/n, w_n = 1/n, h_n = n. तंबू ० ते 2/n एवढ्याच जागेत उभा, दर पावलाला अधिक अरुंद आणि अधिक उंच.

तिसरा, पसरणारा: c_n = 0, w_n = n, h_n = 1/n. तंबू दोन्हीकडे पसरत जातो आणि बसत जातो.

तिन्ही ठिकाणी प्रत्येक n साठी ∫f_n = 1, म्हणून इंटिग्रल्सचं लिमिट १. आणि तिन्ही ठिकाणी f_n चं लिमिट शून्य फंक्शन, म्हणून लिमिटचं इंटिग्रल ०.

पायरी २: एका बिंदूवर बसून पाहा

लिमिट शून्य कसं, यावर थोडं थांबायला हवं. ‘तंबू तर कायम आहे, मग लिमिट शून्य कसं’ ही शंका अगदी रास्त आहे. बिंदुवार लिमिट काढताना आधी x पक्का करायचा आणि मग n वाढवायचा. म्हणजे आपण एका बिंदूवर ठाण मांडून बसायचं आणि तंबू डोक्यावरून जाताना पाहायचा.

निमुळता प्रकार घेऊन x = 0.3 वर बसू. n = 1 पासून किमती अशा येतात:

0.3, 1.2, 2.7, 3.2, 2.5, 1.2, 0, 0, 0, …

तंबू आला, चौथ्या पावलाला सर्वांत उंच झाला, मग ओसरला. सातव्या पावलाला त्याचं उजवं टोक 2/7, म्हणजे सुमारे ०.२८६ वर आलं, म्हणजे आपल्या डावीकडे गेलं. तिथून पुढे या बिंदूवर कायम शून्य. आता x = 0.003 वर बसा. इथे तंबू बराच उशिरा येतो. n = 333 च्या आसपास उंची ३३३ च्या घरात जाते, पण n = 667 पासून इथेही शांतता. आणि x = 0 वर तर पहिल्यापासून शून्यच आहे, कारण तंबूचं डावं टोक तिथेच टेकलेलं आहे.

प्रत्येक बिंदूला कधी ना कधी शांतता मिळते, पण ती कधीपासून, हे बिंदूनुसार बदलतं. ‘या n पासून पुढे सगळीकडे शांतता’ असं सांगता येईल असा एकही n नाही. कोणत्याही क्षणी कुठे ना कुठे तंबू उभाच असतो. इंटिग्रल सगळ्या बिंदूंकडे एकदम पाहतं, म्हणून त्याला तो दिसत राहतो. बिंदुवार लिमिट एकेका बिंदूपुरतंच पाहतं, म्हणून त्याच्या हाती काही लागत नाही. चादरीखालून मांजर सरकत जावं तसं आहे हे: चादरीचा प्रत्येक भाग शेवटी सपाट होतो, पण मांजर आहेच.

पायरी ३: एकसमान अभिसरणावर किती विसंबायचं

वर्गात याचं उत्तर सहसा ‘एकसमान अभिसरण असेल तर अदलाबदल चालते’ असं मिळतं. वाक्य बरोबर आहे, पण त्यातली अट बहुतेक वेळा गाळली जाते: हे मर्यादित लांबीच्या अंतरालावर खरं आहे. तिथे |f_n − f| सगळीकडे ε पेक्षा कमी असेल, तर इंटिग्रलमधला फरक ε × लांबी यापेक्षा जास्त होऊ शकत नाही. लांबी अनंत असली की हा गुणाकार काहीच सांगत नाही.

पसरणारा तंबू नेमका हेच दाखवतो. त्याची कमाल उंची 1/n, म्हणजे तो संपूर्ण रेषेवर शून्याकडे एकसमान जातो. त्याहून चांगलं अभिसरण मागायचं तरी काय? तरीही क्षेत्रफळ शेवटपर्यंत १. उंची जेवढ्या वेगानं घटते तेवढ्याच वेगानं पाया वाढतो आणि हिशेब जागच्या जागी राहतो.

म्हणजे अनंत रेषेवर एकसमान अभिसरण पुरेसं नाही. आणि मर्यादित अंतरालावर ते गरजेचंही नाही, हे पाचव्या पायरीत दिसेल. त्यामुळे या प्रश्नासाठी मी ते पहिलं हत्यार मानत नाही.

पायरी ४: आवरण काढा

पहिलं हत्यार हे: सगळ्या f_n चे आलेख एकाच कागदावर, एकावर एक काढा आणि त्या सगळ्यांच्या वरून जाणारी रेषा आखा. प्रत्येक x साठी |f_n(x)| ची सर्व n वरची कमाल किंमत (नेमकं बोलायचं तर सुप्रीमम) म्हणजे हे आवरण. मग एवढंच विचारा: आवरणाखालचं क्षेत्रफळ सांत आहे का?

आपल्या तीन तंबूंचं पाहू.

सरकणाऱ्या प्रकारात प्रत्येक पूर्णांकावर एक तंबू, शेजारचे एकमेकांत घुसलेले. x = 1 च्या पुढे आवरण कुठेही ½ च्या खाली उतरत नाही. ½ उंचीची न संपणारी पट्टी, म्हणजे क्षेत्रफळ अनंत.

निमुळत्या प्रकारात x वर सर्वांत मोठी किंमत n = 1/x च्या आसपास येते आणि ती साधारण 1/x असते. म्हणजे शून्याजवळ आवरण 1/x सारखं वागतं, आणि ∫(1/x)dx शून्याजवळ अनंत होतं.

पसरणाऱ्या प्रकारात 1/n − |x|/n² ही राशी n = 2|x| ला कमाल होते आणि किंमत 1/(4|x|) येते. इथेही 1/x चाच नमुना, फक्त घोटाळा शून्याजवळ नसून दूर अनंताकडे. क्षेत्रफळ पुन्हा अनंत.

तिन्हीकडे आवरण नापास. उलट आवरणाचं क्षेत्रफळ सांत निघालं तर अदलाबदल बिनधास्त करा. हाच लबेगचा डॉमिनेटेड कन्व्हर्जन्स थिअरम, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तोंडी असलेला ‘डीसीटी’: f_n बिंदुवार f कडे जात असेल आणि सर्व n साठी |f_n| ≤ g असं एक g असेल, ज्याचं इंटिग्रल सांत आहे, तर ∫f_n ही ∫f कडेच जाते. पुस्तकात g ‘घ्या’ असं लिहिलेलं असतं आणि तो कुठून आला हे कळत नाही. तो आवरणातून येतो. आवरण हेच सर्वांत लहान चालणारं g आहे. तेच नापास झालं तर दुसरं g शोधण्यात वेळ घालवू नका, ते नाहीच.

पण एवढ्याशा अटीनं काम होतं कसं? g चं इंटिग्रल सांत असलं की दोन गोष्टी आपोआप मिळतात. एक, R पुरेसा मोठा घेतला की |x| > R इथलं g चं क्षेत्रफळ हवं तितकं लहान करता येतं. f_n तर g च्या खालीच आहेत, म्हणून त्यांना दूर पळायची किंवा पसरत जायची वाट बंद. दोन, M पुरेसा मोठा घेतला की g > M असलेल्या जागेवरचं g चं क्षेत्रफळही हवं तितकं लहान होतं. म्हणजे अरुंद जागेत उंच मनोरा उभारण्याची वाटही बंद. उरते ती −R ते R एवढी रुंद आणि M एवढी उंच पेटी. अशा पेटीच्या आत बिंदुवार अभिसरण पुरतं. रीमान इंटिग्रलसाठी, लिमिट फंक्शन इंटिग्रेबल असताना, हे आर्झेलानं १८८५ मध्येच दाखवलं होतं. लबेगचं इंटिग्रल १९०२ च्या त्याच्या प्रबंधात आलं आणि मग ती अट धरण्याचीही गरज उरली नाही.

पायरी ५: एक गणित शेवटपर्यंत

परीक्षांत तंबू येत नाहीत, सूत्रं येतात. म्हणून हे घ्या:

f_n(x) = n² x (1 − x)^n, 0 ≤ x ≤ 1

पहिल्यांदा बिंदुवार लिमिट. x = 0 वर शून्य. 0 < x ≤ 1 असेल तर (1 − x)^n भूमितीय वेगानं घटतं आणि n² त्याच्यापुढे टिकत नाही. लिमिट सगळीकडे ०.

मग उंचवटा शोधा. विकलन करून शून्याशी मांडलं की 1 − x − nx = 0, म्हणजे x = 1/(n+1). हा बिंदू n बरोबर हलतोय. ‘कमाल बिंदू n वर अवलंबून आहे’ हे दिसलं की सावध व्हायचं, सरकता उंचवटा पकडण्याची ही सर्वांत सोपी खूण आहे. त्या बिंदूवरची उंची साधारण n/e; n = 100 ला ती सुमारे ३६.६ भरते. उंची n च्या प्रमाणात, रुंदी 1/n च्या प्रमाणात: निमुळता तंबूच, फक्त कपडे बदलून आलेला.

आता इंटिग्रल. इथे 1 − x = t घेतलं की ते थेट निघतं:

∫₀¹ n² x (1 − x)^n dx = n² / ((n+1)(n+2)) → 1

म्हणजे एकीकडे १, दुसरीकडे ०.

यात घातांकाची चावी फिरवून पाहा, कारण खरी शिकवण तिथे आहे. n² ऐवजी n^a घेऊ. इंटिग्रल साधारण n^(a−2) च्या प्रमाणात जातं.

a = 1 असेल तर nx(1 − x)^n. (1 − x)^n ≤ e^(−nx) आणि t·e^(−t) ची कमाल 1/e, म्हणून हे फंक्शन कधीच 1/e च्या वर जात नाही. शिखर मात्र कायम 1/e च्या जवळच राहतं, म्हणजे अभिसरण एकसमान नाही. तरी g = 1/e हे साधं झाकण पुरतं आणि इंटिग्रल शून्याकडे जातं. एकसमान अभिसरण गरजेचं नाही असं वर म्हटलं, ते हे.

a = 1.5 जास्त मजेदार आहे. शिखराची उंची √n च्या प्रमाणात वाढत अनंताकडे जाते, म्हणून कोणताही स्थिरांक झाकण म्हणून चालत नाही. बरेच जण इथे हात टेकतात. पण आवरण काढा:

n^1.5 · x(1 − x)^n ≤ (nx)^1.5 · e^(−nx) / √x ≤ 0.41 / √x

शेवटची पायरी t^1.5 · e^(−t) च्या कमाल किमतीवरून आली, जी t = 1.5 ला मिळते. 0.41/√x शून्याजवळ अनंत होतं खरं, पण ० ते १ मधलं त्याचं क्षेत्रफळ फक्त ०.८२. डीसीटी लागू, इंटिग्रलचं लिमिट ०. थोडक्यात, शिखर अनंताकडे जाणं हा गुन्हा नाही. पाया पुरेशा वेगानं आकसत असेल तर क्षेत्रफळ निसटत नाही, ते खरोखर संपतं.

a = 2 ला हेच आवरण 1/x च्या प्रमाणात येतं आणि बांध फुटतो. a < 2 असेपर्यंत x^(1−a) चं इंटिग्रल सांत, a = 2 पासून अनंत; आणि इंटिग्रलचं लिमिट शून्य राहायचं थांबतं तेही बरोबर a = 2 लाच. या कुटुंबात आवरणाची कसोटी जराही कडक किंवा सैल पडत नाही.

पायरी ६: उंचवट्याबरोबर प्रवास करा

अदलाबदल फसली म्हणून लिमिट काढताच येत नाही असं नाही. x ऐवजी उंचवट्याच्या मापानं मोजायचं. उंचवटा 1/n च्या आसपास आहे आणि 1/n एवढाच रुंद आहे, म्हणून u = nx घ्या:

∫₀¹ n² x (1 − x)^n dx = ∫₀ⁿ u (1 − u/n)^n du

या चष्म्यातून उंचवटा हलत नाही. आतलं फंक्शन u·e^(−u) कडे जातं आणि कायम त्याच्या खालीच राहतं. झाकण आपोआप मिळालं. डीसीटी लावा: लिमिट = ∫₀^∞ u e^(−u) du = 1. उत्तर तेच, पण या वेळी सूत्रानं थेट इंटिग्रल काढावं लागलं नाही.

याचा फायदा पुढच्या गणितात दिसतो. φ हे ० ते १ वरचं कोणतंही सलग फंक्शन घेऊन ∫ n² x(1 − x)^n φ(x) dx विचारलं, तर थेट इंटिग्रेशन अशक्य असू शकतं. पण u = nx नंतर φ(x) चं φ(u/n) होतं, ते φ(0) कडे जातं, आणि झाकण म्हणून |φ| ची कमाल किंमत गुणिले u·e^(−u) चालतं. उत्तर φ(0). φ(x) = cos x असेल तर १, φ(x) = 3 + x⁵ असेल तर ३.

आपल्या मूळ प्रश्नाचं नेमकं उत्तर हे आहे. गेलेलं क्षेत्रफळ १ सगळंच्या सगळं x = 0 या एका बिंदूवर गोळा झालं. भौतिकशास्त्रवाले त्याला डिराकचा डेल्टा म्हणतात. फंक्शनच्या रूपात ते दिसत नाही, म्हणून बिंदुवार लिमिटला शून्य दिसलं.

पायरी ७: कॉम्प्युटरवर पडताळताना

‘आकडे टाकून बघू’ म्हणणाऱ्यांसाठी इथे एक सापळा आहे. खालचा कोड ० ते १ चे हजार समान भाग करून बेरीज घेतो आणि शेजारी खरी किंमत छापतो:

```python
N = 1000
for n in (10, 100, 1000, 10000):
    s = sum(n*n*(k/N)*(1-k/N)**n
            for k in range(1, N)) / N
    print(n, s, n*n/((n+1)*(n+2)))
```

n = 10 आणि n = 100 ला दोन्ही आकडे जवळपास जुळतात: ०.७५८ आणि ०.९७. n = 1000 ला बेरीज सुमारे ०.९२ देते, खरी किंमत ०.९९७. आणि n = 10000 ला बेरीज कोसळून ०.००४५ वर येते, खरी किंमत ०.९९९७ असताना!

प्रोग्रॅममध्ये चूक नाही. बेरजेत नेमके ९९९ बिंदू आहेत, आणि सांत बेरजेत लिमिट नेहमीच आत जातं. जाळी पक्की ठेवून n वाढवला की आपण नकळत ‘आधी लिमिट, मग इंटिग्रल’ हाच क्रम निवडतो. उंचवटा पहिल्या बिंदूच्या, म्हणजे ०.००१ च्या डावीकडे शिरला की जाळीला तो दिसत नाही. उपाय सोपा आहे: उंचवट्याच्या रुंदीत निदान काही डझन बिंदू पडतील इतका N, n बरोबर वाढवायचा, किंवा u = nx करूनच कोड लिहायचा. आणि शंका असेल तेव्हा N दुप्पट करून उत्तर हलतं का ते पाहायचं.

पायरी ८: चिन्हाकडे लक्ष

आतापर्यंत क्षेत्रफळ फक्त कमीच झालं. f_n ऋण नसतील तर तसंच होणार: लिमिटचं इंटिग्रल हे इंटिग्रल्सच्या लिमिटपेक्षा (किंवा ते नसेल तर लिम-इन्फपेक्षा) जास्त असूच शकत नाही. हा फातूचा लेमा, १९०६ चा. क्षेत्रफळ निसटू शकतं, पण अचानक उगवू शकत नाही. कोणी धन फंक्शन्ससाठी उलट दिशेची असमानता सिद्ध केली असेल तर वहीत चूक शोधा.

ऋण किमतींची मुभा दिली की ही हमी संपते. सरकत्या तंबूला उलटं टांगलं, म्हणजे −T(x − n) घेतलं, की इंटिग्रल्स −१ आणि लिमिटचं इंटिग्रल ०. आणि त्याहून फसवं म्हणजे T(x − n) − T(x − 2n): एक तंबू वर, दुसरा खाली, दोघेही पळतायत. प्रत्येक इंटिग्रल ०, लिमिटचंही ०, उत्तर जुळलं! पण ∫|f_n| (n ≥ 2 असताना) शेवटपर्यंत २ आहे. निसटणं झालंच, फक्त जमा आणि खर्च एकमेकांत वळते झाले. याला φ सारखा वजनदार गुणक लावला की फरक उघडा पडू शकतो. म्हणून चिन्ह बदलणाऱ्या क्रमिकेत ∫f_n पेक्षा ∫|f_n − f| शून्याकडे जातं का, हे तपासावं.

आवरण नापास, तरी अदलाबदल पास

डीसीटीची अट पुरेशी आहे, आवश्यक नाही. 1/(n+1) ते 1/n या पट्ट्यावर उंची n आणि बाकी शून्य असा आयताकृती ठोकळा घ्या. त्याचं क्षेत्रफळ n × 1/(n(n+1)) = 1/(n+1), म्हणून इंटिग्रल्स शून्याकडे जातात, आणि बिंदुवार लिमिटही शून्य. अदलाबदल चालली. पण हे ठोकळे एकमेकांना लागून, न घुसता उभे आहेत, त्यामुळे आवरणाचं क्षेत्रफळ म्हणजे ½ + ⅓ + ¼ + …, जे अनंत आहे. आवरण नापास, उत्तर मात्र बरोबर.

अशा ठिकाणी व्हिटालीची अट लागते, जिला एकसमान इंटिग्रेबिलिटी म्हणतात. आवरण सगळ्या n साठी एकच झाकण मागतं. व्हिटाली एवढंच म्हणतो: M मोठा घेतला की |f_n| > M असलेल्या जागेवरचं ∫|f_n| सगळ्या n साठी एकदमच लहान व्हायला हवं. आपल्या ठोकळ्यांत n ≤ M असेल तर हे ० आहे, n > M असेल तर 1/(n+1), म्हणजे 1/M पेक्षाही कमी. अट पूर्ण. मर्यादित अंतरालावर, बिंदुवार अभिसरण धरून, ∫|f_n − f| शून्याकडे जाण्यासाठी ही अट पुरेशीही आहे आणि आवश्यकही. सरावात मात्र आधी आवरणच काढा, ते सोपं आहे; ते अडलं तरच व्हिटालीकडे वळा.

उलट्या दिशेनंही कोणी विचारतं: ∫f_n शून्याकडे जात असेल आणि f_n ≥ 0 असेल, तर f_n बिंदुवार शून्याकडे जातं का? नाही. ० ते १ चे आधी दोन भाग करा आणि उंची १ चा ठोकळा डावीकडून उजवीकडे एकेका भागावर ठेवत न्या. मग चार भाग करून तेच, मग आठ, मग सोळा. ठोकळ्याची रुंदी, म्हणून क्षेत्रफळ, शून्याकडे जातं. पण प्रत्येक फेरीत ठोकळा प्रत्येक बिंदूवरून एकदा तरी जातोच, म्हणून कोणत्याही x वर १ आणि ० या किमती अनंत वेळा येत राहतात आणि लिमिट एकाही बिंदूवर मिळत नाही. टाइपरायटरचा कॅरेज ओळीच्या शेवटी जाऊन परत यावा तसा हा ठोकळा फिरतो, म्हणून या क्रमिकेला टाइपरायटर सीक्वेन्स म्हणतात. यातून फक्त काही पदं निवडली, उदाहरणार्थ प्रत्येक फेरीतला पहिलाच ठोकळा, तर x = 0 सोडून सगळीकडे लिमिट शून्य मिळतं.